जुन्या मासिकांचे स्कॅन ठेवताना: ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट स्टोरेजच्या नोंदी (पुणे, जून ते सप्टेंबर २०२४)

पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात बांधीव मराठी मासिकांचे अंक स्कॅन करायचं काम आम्ही घेतलं. स्कॅनिंगबद्दल लिहिणारे बरेच आहेत. स्कॅन झालेली पानं ठेवायची कुठे, यात मात्र आमचे दीड महिना हाल झाले, म्हणून या नोंदी फक्त त्याबद्दल. असं काम हाती घेणाऱ्याने निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नयेत.

१० जून, सोमवार

हिशेब मांडला. साधारण २५० अंक, अंकाला सरासरी ९६ पानं, म्हणजे २४,००० पानं. पान आठ बाय दहा इंच धरलं आणि ४०० डीपीआयला रंगीत स्कॅन केलं, तर ३,२०० गुणिले ४,००० पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे न दाबलेली टिफ फाइल सुमारे ३८ एमबीची. सगळे मिळून ९२० जीबीच्या आसपास.

वाचनालयात चार टेबलं आहेत आणि प्रत्येकावर एक जुना लिनक्स संगणक. टेबल एकवर स्कॅन होतो, बाकी तिघांवर पानं सरळ करणं, कडा कापणं, डाग बघणं. शिवाय प्रत्येक अंकाची नोंद करायला सूची आहे. भाड्याने घेतलेलं एक मशीन मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे, त्यावर वाचकांसाठी शोधपान येईल.

क्लाउड कंपनीच्या दरपत्रकात ऑब्जेक्ट स्टोरेज सगळ्यांत स्वस्त दिसलं. ब्लॉक स्टोरेज जीबीमागे त्याच्या तिप्पट-चौपट आणि फाइल स्टोरेजची तयार सेवा त्याहूनही महाग. मी ठरवलं की सगळं एकाच बकेटमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेजमधल्या एका नाव दिलेल्या साठ्यात, ठेवायचं आणि ती बकेट चारही संगणकांवर फोल्डरसारखी माउंट करायची. पुढच्या सगळ्या त्रासाचं मूळ या एका ओळीत आहे.

१८ जून

बकेट आरक्लोन नावाच्या प्रोग्रामने माउंट केली. पडद्यावर ती अगदी साध्या फोल्डरसारखी दिसते, म्हणून कुणाला वेगळं काही शिकवावं लागलं नाही. पण पान उघडायचं, कडा कापायच्या आणि सेव्ह करायचं म्हटलं की पुढचं पान उघडायला वेळ लागतो, अशी तक्रार दुपारपर्यंत तिन्ही टेबलांवरून आली.

कारण सरळ आहे. ऑब्जेक्टचा मधलाच तुकडा बदलता येत नाही. कोपऱ्यातला एक डाग पुसला तरी पूर्ण ३८ एमबी पुन्हा वर जातात. आमच्या लाइनचा अपलोड २० एमबीपीएस, म्हणजे एका पानाला पंधरा सेकंद. तिघांनी एकदम सेव्ह केलं की पाऊण मिनिट. एका पानावर माणूस सरासरी तीनदा सेव्ह करतो. दिवसाला सव्वाशे पानं होतील असा माझा अंदाज होता, प्रत्यक्षात पन्नासही झाली नाहीत.

२१ जून

एका वर्षाच्या फोल्डरचं नाव चुकून `1925` पडलं होतं, खरं वर्ष १९५२. आत बारा अंकांची १,१५२ पानं. मी लॅपटॉपवरून नाव बदललं आणि काम झालं समजून झाकण लावून घरी निघाले.

सकाळी बघते तर दोन्ही फोल्डर हजर. `1952` मध्ये ४३१ पानं, `1925` मध्ये ७२१.

बकेटमध्ये फोल्डर नावाची वस्तू नसतेच. प्रत्येक ऑब्जेक्टला एक लांबलचक नाव असतं, `1925/03/0041.tif` असं, आणि तिरकी रेघ हे त्या नावातलं नुसतं एक अक्षर असतं. फोल्डर आपल्याला दाखवतो तो माउंट करणारा प्रोग्राम. आणि ऑब्जेक्टचं नाव बदलण्याची क्रियाही नाही. नव्या नावाने प्रत करायची आणि जुनी पुसायची, हे १,१५२ वेळा. ती प्रत तिकडच्या तिकडे होते, आपली लाइन खर्च होत नाही, पण एकामागून एक आज्ञा देणारा माझा लॅपटॉप झोपला आणि काम तिथेच थांबलं. उरलेली पानं हलवून, दोन्हीकडची यादी जुळवून बघण्यात अर्धा दिवस गेला.

२४ जून

आजचं नुकसान मोठं आहे. सूची आम्ही एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये ठेवली होती आणि ती फाइलही त्याच बकेटमध्ये. शनिवारी काका (बँकेतून निवृत्त झालेले, नोंदींच्या बाबतीत आमच्यात सगळ्यांत काटेकोर) टेबल दोनवर आणि ग्रंथपालताई टेबल तीनवर नोंदी करत होत्या. आज सकाळी ताईंनी मला हाक मारली.

"अगं, शनिवारी मी सबंध दिवस बसून एकशे सदतीस नोंदी केल्या. एकही दिसत नाहीये."

"सेव्ह झालं होतं ना, ताई?"

"तुझ्या प्रोग्रामनेच सांगितलं, नोंद झाली म्हणून. प्रत्येक वेळी सांगितलं."

त्यांचं बरोबर होतं. माउंट करताना मी कॅश चालू ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक संगणक फाइलची स्वतःची प्रत डिस्कवर घेतो, त्या प्रतीत लिहितो आणि फाइल बंद झाल्यावर काही सेकंदांनी सगळी फाइल वर पाठवतो. कुलपाचंही तेच. एसक्यूलाइट फाइलवर कुलूप लावतं, पण ते त्या त्या संगणकापुरतं. ताईंचा प्रोग्राम समजत होता की फाइल आपल्याच ताब्यात आहे, काकांचाही तेच समजत होता. ताईंनी पाच वाजून दहा मिनिटांनी बंद केलं, काकांनी पावणेसहाला. काकांची अख्खी फाइल ताईंच्या अख्ख्या फाइलवर जाऊन बसली. कुठेही चूक दाखवली गेली नाही, कारण ऑब्जेक्ट स्टोरेजच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. त्याच नावाने नवी वस्तू आली की ती जुनीची जागा घेते, हाच तिथला नियम.

बकेटवर आवृत्त्या ठेवण्याची सोय असते. ती चालू असती तर ताईंची फाइल मागे मिळाली असती. मी ती चालू केली नव्हती. आज केली. १३७ नोंदी ताई पुन्हा करतील, मी शेजारी बसून अंक काढून देईन.

३० जून, रविवार

आज पालख्या पुण्यात येतायत, रस्ते बंद, त्यामुळे वाचनालयही बंद. घरी बसून पुन्हा विचार केला.

आमच्याकडे तीन तऱ्हेची कामं आहेत आणि मी ती एकाच जागी कोंबली. सूचीत दिवसभर बारीकबारीक बदल होतात. कच्ची पानं चार माणसं हाताळतात. पक्कं झालेलं पान मात्र पुन्हा कधी बदलायचं नाही, फक्त वाचायचं. बकेट या तिसऱ्यासाठी चांगली आहे. पहिल्या दोघांसाठी दुसरी जागा हवी, आणि कच्च्या पानांची जागा वाचनालयातच हवी, म्हणजे २० एमबीपीएसचा अडथळा जाईल.

४ जुलै

दोन डिस्कचा नॅस बॉक्स घेतला, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या टेबलांना वापरता येणारी डिस्कची पेटी. डिस्क ४ टीबीच्या, एकीवर दुसरीची आरशासारखी प्रत. स्विच आणि केबल धरून ३८,००० रुपये झाले. देणगीदारांना आधीच्या अंदाजात हे सांगितलं नव्हतं, त्यामुळे काल कमिटीसमोर उभं राहून समजावून सांगावं लागलं.

नॅसच्या पानावर दोन पर्याय होते, शेअर केलेला फोल्डर किंवा आयस्कझी लन. लन म्हणजे नेटवर्कवरून दिलेली कोरी डिस्क, थोडक्यात ब्लॉक स्टोरेज. माझ्या चाचणीत लन किंचित वेगवान निघाला. म्हणून २ टीबीचा लन केला, त्यावर `ext4` ही फाइल सिस्टिम घातली आणि टेबल दोन आणि तीन या दोन्ही संगणकांवर माउंट केला. दोन्हीकडे विनातक्रार माउंट झाला. त्याने तेव्हाच नकार द्यायला हवा होता, असं आता वाटतं.

९ जुलै

पहिलं लक्षण शुक्रवारीच दिसलं होतं आणि मी ते सोडून दिलं. टेबल दोनवर ठेवलेला अंक टेबल तीनवर दिसत नव्हता. संगणक बंद करून चालू केला की दिसायचा. आज टेबल तीनच्या `dmesg` मध्ये अशा ओळी आल्या:

```
EXT4-fs error (device sdb): ext4_lookup: ... deleted inode referenced
```

आणि मग ताईंनी एक पान उघडून दाखवलं. वरच्या दोन तृतीयांश भागात केशतेलाची जाहिरात, चौकटीत बाईचं चित्र. खाली एकदम कापल्यासारखी रेघ आणि त्याखाली दुसऱ्याच अंकातल्या कथेच्या ओळी, वाक्याच्या मधूनच सुरू झालेल्या. कागदावर असं पान कुठेच नाही.

ते पान मी बराच वेळ बघत होते, कारण ब्लॉक स्टोरेज म्हणजे काय हे त्याच्याइतकं स्पष्ट मला कुणी सांगितलं नव्हतं. लनला फाइल माहीत नसते, नाव माहीत नसतं. त्याला फक्त क्रमांक लावलेले ठोकळे माहीत असतात. अमुक क्रमांकाच्या ठोकळ्यात हे लिही, तमुक क्रमांकाचा वाचून दे, एवढंच. कोणता ठोकळा कोणत्या फाइलचा आणि मोकळे कोणते, हा हिशेब माउंट करणाऱ्या संगणकाकडे असतो, आणि वेगासाठी तो त्यातला बराचसा स्मरणात धरून ठेवतो. टेबल दोनच्या वहीत एक ठोकळा मोकळा होता, टेबल तीनच्या वहीतही तोच मोकळा. एकाने तिथे जाहिरातीची खालची बाजू लिहिली, दुसऱ्याने कथा. `ext4` हे धरूनच चालतं की वही एकच आहे. दोन संगणकांनी एकच ब्लॉक डिस्क खरंच वापरायची तर `GFS2` किंवा `OCFS2` सारखी, संगणकांनी आपसात विचारून लिहिणारी फाइल सिस्टिम लागते. चार टेबलांच्या वाचनालयात तो खटाटोप कुणी करू नये.

१० ते १३ जुलै

आधी दोन्हीकडून अनमाउंट केलं, मग नॅसवरच लनची पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीवर फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारं `fsck` चालवलं. मूळ लनवर नाही. एवढं एक मी यावेळी बरोबर केलं.

लनवर ६४० पानं होती. त्यातली २१२ `lost+found` मध्ये निघाली. तिथे नावं नसतात, `#131074` असे नुसते आकडे असतात. काकांनी एकेक उघडून, पानाच्या तळाचा क्रमांक आणि मथळा बघून वहीत लिहिलं, मी त्यावरून नावं दिली. दोन दिवस हेच चाललं. ५७ पानं खराब निघाली, ती पुन्हा स्कॅन करतोय. कागद शाबूत होता म्हणून सुटलो. एकदाच येणारी गोष्ट असती, एखाद्याची मुलाखत वगैरे, तर ती ५७ पानं कायमची गेली असती.

१५ जुलै

लन पुसून टाकला. त्याच नॅसवर शेअर केलेला फोल्डर केला, एनएफएसने. आता ठोकळ्यांची वही एकट्या नॅसकडे आहे आणि टेबलं त्याला नावाने मागतात: हा फोल्डर दाखव, ही फाइल दे, हिचा एवढा भाग बदल. एका टेबलावर ठेवलेलं दुसरीकडे काही सेकंदांत दिसतं. वेग लनपेक्षा थोडा कमी असेल, पण ३८ एमबीचं पान अर्ध्या सेकंदाच्या आत उघडतं आणि कुणाला फरक कळत नाही.

पहिल्या तासात टेबल चारला सगळीकडे `Permission denied` येत होतं. एनएफएस इथे माणसाला नावाने ओळखत नाही, क्रमांकाने ओळखतो. टेबल चारवरच्या वापरकर्त्याचा क्रमांक १००१ होता, बाकीकडे १०००. सगळीकडे सारखा केल्यावर चालू झालं.

एक प्रश्न उरला होता. दोघांनी एकच पान उघडलं तर काय? आमचा चित्रांचा प्रोग्राम फाइलला कुलूप लावत नाही, म्हणजे फाइल स्टोरेज घेतलं तरी नंतर सेव्ह करणारा जिंकणारच. यावर उपाय सापडला तो नाव बदलण्यातच, ज्याने जूनमध्ये आमचा अर्धा दिवस खाल्ला होता. फाइल सिस्टिमवर फोल्डरचं नाव बदलणं ही एकच अखंड क्रिया असते, आत ९६ पानं असोत की ९६ हजार. ती पूर्ण होते किंवा होत नाही, अर्धवट राहत नाही. म्हणून प्रत्येक टेबलाला एक फोल्डर केला आणि काम घेताना अंक तिकडे हलवायचा असा नियम केला:

```
mv -T /kaam/yene/A0147 /kaam/table3/A0147
```

दोन टेबलांनी एकाच क्षणी तोच अंक मागितला तर एकालाच मिळतो. दुसऱ्याला `No such file or directory` येतं, म्हणजे अंक आधीच कुणीतरी उचलला. ही आज्ञा "अंक घ्या" अशा बटणामागे लपवली आहे. फक्त `yene` आणि `table3` एकाच शेअरमध्ये हवेत. दोन वेगळे शेअर केले तर `mv` गुपचूप प्रत करून पुसायला लागतं आणि अखंडपणा जातो.

आज तीन टेबलांवर मिळून १३१ पानं झाली.

२० जुलै

सूची भाड्याच्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये हलवली. त्या मशीनला २० जीबीची ब्लॉक डिस्क जोडली, ती त्या एकाच मशीनला. ब्लॉक स्टोरेजची योग्य जागा ही. पोस्टग्रेस ८ केबीच्या पानांनी लिहितं आणि एका नोंदीसाठी तेवढीच जागा जागच्या जागी बदलतं. नोंद झाली असं सांगण्याआधी ते डिस्ककडून लिहिल्याची खातरी घेतं. ब्लॉक डिस्क ही खातरी देते. बकेटवरच्या माउंटने ताईंना दिलेली खातरी कॅशपुरतीच होती.

आता काका आणि ताई दोघंही एकाच डेटाबेसशी बोलतात आणि कुलपं डेटाबेस सांभाळतो. नोंदींची बाचाबाची तेव्हापासून नाही.

२५ जुलै, गुरुवार

रात्रभर पाऊस, सिंहगड रस्त्याच्या बाजूला घरांत पाणी शिरलंय. आमच्यातले दोघं तिकडचे, ते आले नाहीत आणि यायलाही नको होतं. पेठेत वीज सकाळपासून येऊन जाऊन आहे. नॅस यूपीएसवर आहे, पण पक्के अंक बकेटमध्ये चढवणारा संगणक नाही.

मी प्रत्येक पक्क्या अंकाचा एक गठ्ठा करून चढवत होते. ९६ पानांचा सुमारे ३.७ जीबीचा. वस्तू कमी म्हणजे सुटसुटीत, असा विचार. एक गठ्ठा चढायला पंचवीस मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ वीज टिकत नाही. वीज आली की स्क्रिप्ट पहिल्यापासून सुरू करते. आठवडाभर अधूनमधून हेच चाललंय, नोंदवहीत असे १४ अपुरे प्रयत्न मोजले.

३ ऑगस्ट

जुलैचं बिल आलं. `rclone size` बकेटमध्ये २१४ जीबी दाखवतं, बिल २४० च्या हिशेबाने आहे. कंपनीला चिडून पत्र लिहायला घेतलं होतं, नशीब आधी शोध घेतला.

मोठी वस्तू चढवताना आरक्लोन तिचे तुकडे करून पाठवतं आणि शेवटी "जोडा" अशी आज्ञा देतं. ती आज्ञा पोहोचेपर्यंत वस्तू जन्मालाच येत नाही, म्हणून यादीत दिसत नाही. पण आलेले तुकडे जागा व्यापतात आणि त्यांचे पैसे लागतात. वीज गेल्यामुळे १४ वेळा तुकडे आले आणि जोडणी झाली नाही. ते असे दिसले आणि असे गेले:

```
rclone backend list-multipart-uploads pune:granth-master
rclone cleanup pune:granth-master
```

`cleanup` चोवीस तासांपेक्षा जुने अपुरे तुकडेच काढतं, त्यामुळे चालू असलेल्या कामाला धक्का लागत नाही. शिवाय बकेटवरच नियम घातला की सात दिवसांत न जोडलेले तुकडे आपोआप काढून टाकायचे. यादीतली बेरीज आणि बिलातली बेरीज यांत फरक दिसला तर आधी इथे बघावं. आवृत्त्या चालू असतील तर दुसरं कारण तेही असतं, कारण पुसलेल्या आणि बदललेल्या जुन्या प्रतींचेही पैसे लागतात.

गठ्ठे बांधणं सोडून दिलं. आता एकेक पान ही एकेक वस्तू आहे. वीज गेली तर एक पान जातं, अंक नाही. वाचकाला सदतिसावं पान हवं असेल तर ३.७ जीबी उलगडावे लागत नाहीत, तेवढंच पान बकेटमधून थेट जातं. आणि नावात वर्ष, महिना काही ठेवत नाही. `master/A0147/0037.tif`, बस. हा अंक कुठल्या मासिकाचा, कुठल्या वर्षाचा, ते सूचीत. कालच एका अंकाचं वर्ष चुकलेलं सापडलं, सूचीतली एक ओळ बदलली, बकेटमधल्या ९६ वस्तूंना हातही लावला नाही.

सगळा साठा चढवायला एकूण किती वेळ लागेल त्याचाही हिशेब केला. ९२० जीबी, २० एमबीपीएस, रात्री नऊ ते सकाळी सात. अकरा रात्री, लाइन पूर्ण मिळाली तर. रोज झालेलं रोज चढवतो म्हणून जाणवत नाही.

१९ ऑगस्ट

शोधपान बंद पडलं. पोस्टग्रेसच्या नोंदीत:

```
ERROR: could not extend file "base/16384/24601": No space left on device
```

पानांवरचा मजकूर ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या तात्पुरत्या प्रतिमा मी त्याच २० जीबीच्या डिस्कवर पडू दिल्या होत्या. त्या हटवल्या आणि दुसरीकडे वळवल्या, तरी डिस्क ४० जीबीची करायचं ठरवलं. कंपनीच्या पानावर आकडा बदलला, दोन मिनिटांत "झालं" आलं, आणि `df -h` मध्ये तरीही २० च. ब्लॉक डिस्क वाढली म्हणजे ठोकळे वाढले. त्यावरच्या विभाजनाला आणि फाइल सिस्टिमला ते कुणीतरी सांगावं लागतं:

```
sudo growpart /dev/nvme1n1 1
sudo resize2fs /dev/nvme1n1p1
```

हे चालू डेटाबेसवर, काही न थांबवता झालं. उलट दिशेचा रस्ता नाही. डिस्क लहान करता येत नाही, नवी लहान डिस्क घेऊन माहिती हलवावी लागते. आणि ४० जीबीचे पैसे रिकामी असली तरी ४० चेच. म्हणून ती गरजेपुरतीच वाढवावी. बकेटमध्ये ठेवलं तेवढ्याचेच पैसे लागतात, तिथे आधी आकार सांगायचा प्रश्न नसतो.

५ सप्टेंबर

शनिवारी गणपती. उद्यापासून पेठेत गाडी आणणंच अवघड, म्हणून आज राहिलेली चाचणी केली. समजा भाड्याचं मशीन आणि त्याची डिस्क दोन्ही गेले, तर सूची परत उभी राहते का?

रोज रात्री `pg_dump` ची फाइल बकेटमध्ये जाते. नवं मशीन घेतलं, नवी ब्लॉक डिस्क जोडली, बकेटमधून कालची फाइल उतरवली आणि `pg_restore` चालवलं. पडदाभर एकच तक्रार: `role "catalog_app" does not exist`. `pg_dump` एका डेटाबेसमधला मजकूर नेतं, वापरकर्ते नेत नाही. ते वेगळे काढावे लागतात:

```
pg_dumpall --globals-only > roles.sql
```

जुन्या मशीनवर हे चालवून फाइल आणली, आधी ती घातली, मग पुन्हा उभारणी. एकूण पन्नास मिनिटं, त्यातली तीस या शोधात गेली. रोजच्या स्क्रिप्टमध्ये आता ही आज्ञाही आहे.

उभ्या राहिलेल्या सूचीत ताईंना त्यांच्या एकशे सदतीस नोंदी मोजायला सांगितल्या. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवत, सगळ्या मोजल्या.

"आहेत," म्हणाल्या. "पण एकशे बारावीत जोडाक्षर चुकलंय, ते मी आत्ता दुरुस्त करते."

"अहो ताई, हे चाचणीचं मशीन आहे, संध्याकाळी पुसणार. खऱ्यावर करा."

त्यांनी खऱ्यावर केलं. चाचणीचं मशीन आणि डिस्क काढून टाकली. डिस्क वेगळी काढावी लागते, मशीनबरोबर ती जातेच असं नाही आणि बिल चालू राहतं. ९१ अंक पक्के झालेत, १५९ राहिलेत. विसर्जनानंतर, १८ तारखेला पुढचं काम.